शेतकरी संस्थेचा चॅटबॉट: मॉडेलला शिकवावे, की पुस्तिका समोर ठेवावी?

शेतकरी सहकारी संस्थेला स्वतःचा मराठी चॅटबॉट हवा असतो, तेव्हा मागणी साधारण एकाच वाक्यात येते: विद्यापीठाच्या शिफारशीबाहेर काही सांगू नये आणि जे सांगेल ते शेतकऱ्याला ऐकताक्षणी कळावे. या दोन अपेक्षा एकमेकींना पूरक वाटतात. प्रत्यक्षात त्या बॉटला दोन दिशांना ओढतात. शिफारशींची भाषा छापील असते, हेक्टर, नत्र, स्फुरद आणि टक्के यांत बोलणारी. शेतकऱ्याची भाषा एकर, पोती आणि पंप यांची. मधले अंतर कापण्याच्या दोन वाटा आज हाताशी आहेत. पहिली म्हणजे शेतकऱ्यांच्या भाषेतील प्रश्नोत्तरे जमवून बॉटमागच्या तयार भाषा-मॉडेलला पुढचे प्रशिक्षण देणे, म्हणजेच फाइन-ट्यूनिंग. दुसरी म्हणजे मॉडेलला हात न लावता प्रत्येक प्रश्नासाठी विश्वासार्ह मजकुरातील नेमका उतारा शोधून त्याच्यापुढे ठेवणे आणि त्यातूनच सोप्या बोलीत उत्तर द्यायला लावणे, म्हणजेच रिट्रीव्हल. एका संस्थेच्या कामात मी दोन्ही वाटा चालून पाहिल्या आहेत, आणि माझे मन एकीकडे थोडे झुकलेले आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

भाषेच्या बाबतीत पहिली वाट सरस आहे, हे मान्य करावेच लागेल. लोरासारख्या पद्धतीत मूळ मॉडेल जसेच्या तसे ठेवून त्यावर बसवलेला छोटासा भागच शिकवला जातो, त्यामुळे भाड्याच्या एका चांगल्या जीपीयूवर काम होऊ शकते आणि चांगली निवडलेली काही हजार प्रश्नोत्तरे पुरतात. परिणाम लगेच जाणवतो. ‘पिकास शिफारशीत खतमात्रा देण्यात यावी’ ही सरकारी धाटणी गळून पडते आणि बॉट ‘पेरताना एवढं टाका, मग पहिल्या पाण्याच्या वेळी एवढं’ असे बोलू लागतो. वाक्ये आखूड होतात, क्रियापदे सरळ होतात आणि उत्तर फोनवरून ऐकवले तरी मध्येच हरवत नाही. एकच तक्रार करता येईल. मॉडेल बोली शिकते ती प्रश्नोत्तरे लिहिणाऱ्या माणसाची. लिहिणारा कोल्हापूरकडचा असेल, तर अकोल्याच्या शेतकऱ्याला ते उत्तर पाहुण्याचे वाटते, आणि ओढूनताणून आणलेली गावरान ढब तर दोघांनाही खटकते. बोलीची नक्कल आणि साधे बोलणे यांत फरक आहे. संस्थेला हवे असते ते दुसरे.

मला जे खटकले ते मात्र भाषेत नव्हते, एककात होते. प्रश्न अगदी नेहमीचा होता: ‘गहू बागायती आहे, दोन एकर. पेरताना खत किती टाकू?’ बागायती, वेळेवर पेरलेल्या गव्हासाठी राज्यात सर्रास वापरली जाणारी शिफारस हेक्टरी १२० किलो नत्र, ६० किलो स्फुरद आणि ४० किलो पालाश अशी आहे. त्यातील निम्मे नत्र आणि सगळे स्फुरद व पालाश पेरणीला, उरलेले निम्मे नत्र साधारण २१ दिवसांनी. शिकवलेल्या मॉडेलने हे आकडे बिनचूक सांगितले, भाषाही झकास होती, फक्त ‘हेक्टरी’च्या जागी ‘एकरी’ आले होते. एकरी १२० किलो नत्र म्हणजे युरियाच्या हिशोबात एकरी सुमारे २६० किलो, ४५ किलोची जवळजवळ सहा पोती. हव्या त्या मात्रेच्या अडीचपट. असा गहू वाढतो भरघोस आणि वाऱ्या-पावसात लोळतो.

हे का झाले, ते नंतर विचार केल्यावर उलगडले. बोलीतल्या प्रश्नोत्तरांत माणसे जवळपास नेहमी एकरीच बोलतात, त्यामुळे ‘एकरी’ हा शब्द मॉडेलच्या लेखी माहितीचा भाग न राहता ढंगाचा भाग झाला होता. आकडा छापील मजकुरातून आलेला, एकक बोलण्याच्या लकबीतून आलेले, आणि दोन्ही एका गोड वाक्यात सांधलेले. बोली जितकी चांगली जमली होती, तितकीच ही चूक सहज कानाआड होत होती. अडखळत, पुस्तकी भाषेत हेच उत्तर आले असते तर कोणीतरी नक्की थबकले असते. प्रशिक्षणातली प्रत्येक जोडी तपासलेली आणि बरोबर होती, म्हणून ‘डेटा सुधारा’ या सल्ल्याचाही फारसा उपयोग नव्हता.

दुरुस्ती करता येत नाही असे नाही. गव्हाच्या आणखी जोड्या घालून पुन्हा शिकवले की गहू सुधारतो. पण हरभऱ्याचे काय झाले, हे पाहायला सगळे प्रश्न पुन्हा विचारून बघावे लागतात, कारण उत्तर कोणत्या ओळीतून आले हे मॉडेल दाखवू शकत नाही. संस्थेचे कृषी अधिकारी प्रत्येक फेरीनंतर मला एकच विचारत: ‘हा आकडा कुठून आला?’ माझ्याकडे उत्तर नसे. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

शिफारस बदलते तेव्हा हीच अडचण अधिक गंभीर होते. उसातल्या हुमणीसाठी जुन्या पुस्तिकांत फोरेट हे दाणेदार कीटकनाशक सर्रास सापडते. केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून फोरेटवर बंदी आहे. जुन्या पुस्तिकांवर शिकलेल्या मॉडेलमधून हे एक नाव वेचून काढण्याची खात्रीशीर पद्धत नाही. ‘फोरेट सांगू नकोस’ असे शिकवले तरी वेगळ्या शब्दांत विचारलेल्या प्रश्नाला ते पुन्हा डोके वर काढू शकते. मजकूर बाहेर ठेवलेला असेल, तर त्या पानावर ‘रद्द’ असा शिक्का मारला की पुढच्या प्रश्नापासून ते पान शोधात येतच नाही.

आता दुसऱ्या वाटेकडे. तिच्याविषयी एक गैरसमज असा की सगळ्या पीडीएफ एका फोल्डरमध्ये टाकल्या की काम झाले. मराठीत तर हे अजिबात खरे नाही. युनिकोडच्या आधीच्या किंवा श्री-लिपीसारख्या फाँटमध्ये सजवलेल्या पुस्तिका पडद्यावर सुरेख दिसतात, पण त्यांतील मजकूर उचलला की हाती रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा येतो, कारण आत देवनागरी कधी नव्हतीच. होती ती फक्त अक्षरांची चित्रे. मग फाँट-परिवर्तक वापरा किंवा पानांची चित्रे काढून ती चित्रातली अक्षरे वाचणाऱ्या ओसीआरमधून न्या. ओसीआर मजकूर बराच चांगला वाचते, पण कमकुवत छपाईत दशांश चिन्ह गिळते आणि १ व ९ यांची गल्लत करू शकते. म्हणजे शब्द शाबूत आणि आकडा बिघडलेला, नेमके उलटे हवे असताना. त्यामुळे आकडे असलेले प्रत्येक पान माणसाने मूळ छापील पानाशी ताडून पाहावे, याला माझ्या मते पर्याय नाही.

गंमत अशी की एकरी-हेक्टरीचा तोच घोळ या वाटेवरही भेटला. शोधासाठी मजकुराचे छोटे तुकडे करावे लागतात. ‘किलो प्रति हेक्टर’ हे शब्द असतात कोष्टकाच्या मथळ्यात आणि गव्हाची ओळ असते खाली, पुष्कळदा पुढच्या पानावर. तुकडा नेमका मध्ये पडला की गव्हाच्या ओळीत उरतात फक्त १२०, ६०, ४०. एकक हरवले की मॉडेल आपल्या अंदाजाने भरते, आणि बोलीत बोलायला सांगितले असल्यामुळे तो अंदाज बहुधा ‘एकरी’ असतो. फरक इतकाच की इथे चुकीवर बोट ठेवता आले: शोधाने आणलेला तुकडा उघडून पाहिला, त्यात एकक नव्हते, विषय संपला. उपायही मॉडेलमध्ये नव्हता, मजकुरात होता. कोष्टके तुकड्यांत न कापता त्यांची प्रत्येक ओळ स्वतंत्र, स्वयंपूर्ण नोंद म्हणून लिहून काढायची:

```
पीक: गहू
परिस्थिती: बागायती, वेळेवर पेरणी
नत्र: १२०   स्फुरद: ६०   पालाश: ४०
एकक: किलो प्रति हेक्टर
केव्हा: निम्मे नत्र + पूर्ण स्फुरद व पालाश पेरणीस;
        उरलेले नत्र सुमारे २१ दिवसांनी
स्रोत: (पुस्तिका, वर्ष, पान)
स्थिती: चालू
```

हे काम कंटाळवाणे आहे आणि ते करायला शेतीतले कळणारा माणूस लागतो. पण संस्थेच्या सभासदांची मुख्य पिके मोजकी असतात, आणि ‘स्थिती’ व ‘स्रोत’ या दोन ओळी पुढे फार उपयोगी पडतात. राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली अशी चार कृषी विद्यापीठे आहेत आणि एकाच पिकाची शिफारस विभागानुसार वेगळी असू शकते. नोंदीत विभाग लिहिलेला असला की शेतकऱ्याच्या तालुक्यावरून योग्य नोंद निवडता येते. शिकवलेल्या मॉडेलमध्ये मात्र चारही विद्यापीठांचे आकडे एकमेकांत मिसळलेले राहतात.

शोधाच्या पायरीवर एक अडचण अधूनमधून येत राहते. शेतकरी विचारतो ‘मिरचीवर बोकड्या आलाय’, पुस्तिका म्हणते ‘चुरडा-मुरडा’. अर्थावरून शोधणाऱ्या एम्बेडिंगला अशी गावोगावची नावे बऱ्याचदा ओळखता येत नाहीत, आणि निव्वळ शब्दावरून शोधणारी पद्धत तर रिकाम्या हाताने परतते. आम्ही दोन्ही शोध एकत्र चालवले आणि सोबत स्थानिक नावांची एक साधी यादी ठेवली, जी प्रश्न शोधाला जाण्याआधी त्यात पुस्तकी नाव जोडते. ही यादी संस्थेच्या खत दुकानात बसणारा माणूस कोणत्याही अभियंत्यापेक्षा चांगली करतो. बॉटला उत्तर सापडले नाही असे प्रश्न बाजूला साठवले आणि अधूनमधून त्याच्यापुढे ठेवले की ती आपोआप वाढत जाते.

हिशोब मॉडेलकडे अजिबात देऊ नये, असे मी आता म्हणेन. वरच्या गव्हाचेच पाहा. हेक्टरला अडीच एकर धरून एकरी नत्र ४८, स्फुरद २४ आणि पालाश १६ किलो. स्फुरद डीएपीतून द्यायचे, तर डीएपीत ते ४६ टक्के असल्याने एकरी ५२ किलो डीएपी लागते. त्यासोबत १८ टक्क्यांनी साधारण साडेनऊ किलो नत्र येते. पेरणीचे नत्र २४ किलो हवे, म्हणजे उरलेले साडेचौदा किलो युरियातून, ४६ टक्क्यांनी सुमारे ३२ किलो. पोटॅश ६० टक्क्यांचे, म्हणजे साधारण २६.७ किलो. पुढे २१ दिवसांनी युरिया ५२ किलो. डीएपीसोबत आलेले नत्र वजा करण्याची पायरी भाषेच्या मॉडेलकडून कधी होते, कधी राहून जाते, आणि राहून गेली तरी वाक्य तितकेच आत्मविश्वासाने येते. म्हणून मॉडेलने फक्त पीक, क्षेत्र आणि शेतकऱ्याकडे असलेली खते प्रश्नातून ओळखावीत, भागाकार-वजाबाकी एका छोट्या प्रोग्रामने करावी, आणि आलेला हिशोब मॉडेलने बोलून दाखवावा. शिकवलेल्या मॉडेललाही असा प्रोग्राम जोडता येतो, हे खरे आहे. पण तो जोडायचा, तर आकडे एकक लिहिलेल्या नोंदींतूनच द्यावे लागतात, आणि मग आपण दुसऱ्याच वाटेवर आलेलो असतो.

राहिली भाषा, जिथे ही वाट कमी पडते. नुसते ‘सोप्या मराठीत सांग’ असे लिहून भागत नाही. समोर ठेवलेला उतारा पुस्तकी असतो आणि मॉडेल त्याच्याच सुरात बोलू लागते. आमच्याकडे दोन गोष्टींनी फरक पडला. एक म्हणजे सूचनेत नियमांची जंत्री न देता चार-पाच नमुना उत्तरे द्यायची, शक्यतो अनुभवी कृषी पर्यवेक्षकाने फोनवर दिलेल्या उत्तरांवरून लिहिलेली. दुसरे म्हणजे मॉडेलला मूळ उतारा न दाखवता फक्त नोंद आणि झालेला हिशोब दाखवायचा, म्हणजे उचलायला पुस्तकी वाक्यच उरत नाही. त्यानंतर उत्तर असे येऊ लागले: ‘दोन एकराला पेरताना डीएपीची दोन पोती आणि वर चार किलो टाका. युरिया चौसष्ट किलो, म्हणजे दीड पोत्याला थोडा कमी. पोटॅश एक पोतं आणि वर तीन किलो. मग एकवीस दिवसांनी, पाण्याच्या वेळी, युरिया एकशे चार किलो द्या. माती तपासलेली असेल तर तो कागद दाखवा, त्याप्रमाणे कमी-जास्त करू.’ शिकवलेल्या मॉडेलइतकी लय यात नाही. तरी ऐकणाऱ्याला पुन्हा विचारावे लागत नाही, आणि माझ्या मते सोप्या बोलीची कसोटी तेवढीच आहे.

उत्तर ऐकवायचे असेल तर आणखी एक काळजी घ्यावी. खताचे १०:२६:२६ हे नाव आवाजात रूपांतर करणारे सॉफ्टवेअर घड्याळाची वेळ समजून वाचू शकते. ‘दहा सव्वीस सव्वीस’ असे अक्षरांत करून दिले की प्रश्न मिटतो. पण हे अक्षरांतर अगदी शेवटी करावे. त्याआधी उत्तर अंकांत असतानाच त्यातला प्रत्येक आकडा आणि एकक नोंदीत किंवा हिशोबात आहे का, हे दहा-पंधरा ओळींचा साधा प्रोग्राम ताडून पाहू शकतो. नसेल तर ते उत्तर अडवून कृषी अधिकाऱ्यांकडे पाठवावे. गव्हाची ‘एकरी १२०’ ही चूक या चाळणीत सरळ अडकली असती. शिकवलेल्या मॉडेलच्या बाबतीत ताडून पाहायला शेजारी काही नसतेच.

दुसऱ्या वाटेचा एक तोटा शेतकरीच सांगतात. नोंद नसली की बॉट ‘याची माहिती माझ्याकडे नाही, अधिकाऱ्यांशी बोला’ म्हणतो, आणि सुरुवातीला हे वारंवार घडते. शिकवलेले मॉडेल प्रत्येक प्रश्नाला काहीतरी सांगत असे, म्हणून काही सभासदांना तेच हुशार वाटले होते, हे मी लपवणार नाही. व्यवस्थापनाला पहिल्याच महिन्यात सभासदांची वाहवा हवी असेल, तर हा मुद्दा हलका समजू नये. मात्र औषधाच्या किंवा खताच्या मात्रेबाबत बोलताना नकार देता येणारा बॉट मला तरी जास्त विश्वासाचा वाटतो.

दोन्हींचा मेळ घालता येतो, आणि पैसे व माणसे असतील तर तो करून पाहायला हरकत नाही: माहिती नोंदींतूनच यावी आणि मॉडेलला फक्त ‘नोंद द्या, बोलीतले उत्तर घ्या’ एवढेच शिकवावे. अशा जोड्यांत एकके मुद्दाम बदलती ठेवावीत, काही नोंदी हेक्टरी, काही एकरी, काही गुंठ्यावर, म्हणजे एकक नोंदीतून उचलायचे असते, लकबीतून नव्हे, हे मॉडेलच्या अंगवळणी पडते. ज्या गावांत नेटवर्क धड मिळत नाही आणि फोनवरच चालणारे छोटे मॉडेल वापरावे लागते, तिथे सूचनेने मराठी पुरेशी सुधारत नाही. तिथे मी कदाचित इथपर्यंत जाईन. इतरत्र, हातात एकच हंगाम आणि एकच कृषी अधिकारी असेल, तर त्या अधिकाऱ्याचा वेळ प्रश्नोत्तरे लिहिण्यात न घालवता नोंदी तपासण्यात लावावा आणि सुरुवात सर्वाधिक विचारल्या जाणाऱ्या दोन-तीन पिकांच्या खतमात्रांपासून करावी. कीडनाशके त्यानंतर घ्यावीत, कारण तिथे पीक, कीड, मात्रा, पाण्याचे प्रमाण आणि फवारणी ते काढणीमधले दिवस असे सगळे एकाच नोंदीत बसवावे लागते, आणि नोंद करण्याआधी ते औषध त्या पिकासाठी केंद्रीय कीटकनाशक मंडळ व नोंदणी समितीकडे आज नोंदलेले आहे की नाही, हे प्रत्येक वेळी पाहावे लागते.